८० प्लस

८० प्लस हे संगणकाच्या वीजपुरवठा एककाची ऊर्जा-कार्यक्षमता दर्शविणारे ऐच्छिक मानांकन आहे. या एककाला इंग्रजीत पॉवर सप्लाय म्हणतात. भारतीय बाजारपेठेत मात्र ते ‘एसएमपीएस’ या नावाने ओळखले जाते. भिंतीतील प्लगमधून घेतलेल्या विजेपैकी किती वीज संगणकाच्या भागांपर्यंत पोहोचते आणि किती वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, हे या मानांकनावरून कळते. एसएमपीएस किती टिकाऊ आहे किंवा जास्त भार आल्यावर तो तग धरेल की नाही, हे मात्र मानांकनातून थेट कळत नाही. त्यासाठी एसएमपीएसवरील लेबलाचे स्वतंत्र वाचन करावे लागते.

## एसएमपीएसचे कार्य

घरातील वीज २३० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते. संगणकाच्या भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्टची दिष्ट, म्हणजे डीसी वीज लागते. हे रूपांतर एसएमपीएस करतो. आत आलेली वीज प्रथम डायोडच्या साहाय्याने दिष्ट केली जाते आणि एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठविली जाते. या टप्प्यावर विद्युतदाब ३०० व्होल्टच्या वर असतो. त्यानंतर ट्रान्झिस्टर ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि ती एका लहान रोहित्रातून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून जाते. रोहित्रातून कमी दाबाने बाहेर पडलेली वीज पुन्हा दिष्ट करून आणि गाळून संगणकाला दिली जाते.

या प्रत्येक टप्प्यावर थोडी वीज उष्णतेत बदलते. तिचा मोठा वाटा शेवटच्या टप्प्यावर खर्च होतो, कारण तेथे दाब कमी असला तरी प्रवाह मोठा असतो. समजा, १२ व्होल्टच्या मार्गावरून २० अँपिअर प्रवाह वाहत आहे. साध्या रचनेत तेथे डायोड असतात आणि त्यांच्यावर सुमारे अर्धा व्होल्ट दाब खर्ची पडतो. त्यामुळे २० गुणिले ०.५, म्हणजे १० वॅट उष्णता केवळ डायोडमध्ये निर्माण होते. चांगल्या रचनेत डायोडच्या जागी मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर वापरतात. त्यांचा रोध सुमारे ३ सहस्रांश ओहम धरला, तर तेवढ्याच प्रवाहाला १.२ वॅट खर्च होतात. मात्र या ट्रान्झिस्टरना योग्य क्षणी चालू-बंद करणारे नियंत्रक मंडल लागते आणि त्याने किंमत वाढते. स्वस्त आणि महाग एसएमपीएसमधील किमतीचा फरक बराचसा अशा निवडींतून निर्माण होतो.

## कार्यक्षमता

बाहेर दिलेली वीज भागिले आत घेतलेली वीज म्हणजे कार्यक्षमता. ती टक्क्यांत सांगतात. एसएमपीएसने संगणकाला २०० वॅट दिले आणि त्यासाठी प्लगमधून २५० वॅट घेतले, तर त्याची कार्यक्षमता ८० टक्के असते आणि उरलेल्या ५० वॅटची उष्णता होते.

याबाबत दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की, ५०० वॅटचा एसएमपीएस सतत ५०० वॅट वीज खातो. प्रत्यक्षात ५०० वॅट ही त्याची कमाल क्षमता असते. संगणकाला त्या क्षणी जेवढी वीज लागते तेवढीच, अधिक होणारी हानी, एवढीच वीज प्लगमधून घेतली जाते. दुसरा गैरसमज असा की, ८० टक्के कार्यक्षमतेचा ५०० वॅटचा एसएमपीएस ४०० वॅटच देऊ शकतो. लेबलावरील आकडा बाहेर मिळणाऱ्या विजेचा असतो. हानी त्यातून वजा होत नाही, ती प्लगमधून घेतलेल्या विजेत मिळविली जाते.

कार्यक्षमता हा एकच स्थिर आकडा नसतो, ती भारानुसार बदलते. एसएमपीएसमधील नियंत्रक मंडल, पंखा इत्यादींचा काही खर्च भार असो वा नसो, होतच राहतो. त्यामुळे अगदी कमी भारावर कार्यक्षमता घसरते. भार पूर्ण क्षमतेजवळ गेला की प्रवाह वाढून तारा आणि घटक अधिक तापतात व कार्यक्षमता पुन्हा थोडी उतरते. बहुतेक एसएमपीएसमध्ये ती निम्म्या भाराच्या आसपास सर्वाधिक असते.

## इतिहास व स्तर

या मानांकनाचा आरंभ २००४ मध्ये अमेरिकेत इकोस कन्सल्टिंग या संस्थेच्या पुढाकाराने झाला. त्या काळात संगणकातील अनेक एसएमपीएस विजेचा चौथा ते तिसरा हिस्सा उष्णतेत घालवीत असत. २०, ५० आणि १०० टक्के अशा तिन्ही भारांवर किमान ८० टक्के कार्यक्षमता, ही मूळ अट होती आणि नावही त्यावरूनच पडले. त्याबरोबर शक्तिगुणक, म्हणजे पॉवर फॅक्टर, किमान ०.९ असावा अशीही अट घालण्यात आली. २००५ मध्ये पहिले मानांकित एसएमपीएस बाजारात आले. २००७ पासून अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाने संगणकांसाठी याच पातळीची अट स्वीकारल्यामुळे मानांकनाचा प्रसार झाला. २००८ मध्ये ब्राँझ, सिल्व्हर व गोल्ड हे स्तर जोडले गेले. प्लॅटिनम व टायटॅनियम हे स्तर त्यानंतर आले. सध्या हा कार्यक्रम क्लिअररिझल्ट ही संस्था चालविते.

भारतात प्लगमधील दाब २३० व्होल्ट असल्याने त्या दाबासाठीचे निकष येथील वाचकाला उपयुक्त ठरतात. घरगुती व कार्यालयीन संगणकांसाठीची किमान कार्यक्षमता पुढीलप्रमाणे आहे :

| स्तर | २०% भार | ५०% भार | १००% भार |
|---|---|---|---|
| मूळ ८० प्लस | ८२% | ८५% | ८२% |
| ब्राँझ | ८५% | ८८% | ८५% |
| सिल्व्हर | ८७% | ९०% | ८७% |
| गोल्ड | ९०% | ९२% | ८९% |
| प्लॅटिनम | ९२% | ९४% | ९०% |
| टायटॅनियम | ९४% | ९६% | ९४% |

टायटॅनियम स्तरासाठी १० टक्के भारावरही ९० टक्के कार्यक्षमता आवश्यक असते; इतर स्तरांत एवढ्या कमी भाराची चाचणी नसते. अमेरिकेतील ११५ व्होल्टसाठीचे निकष थोडे सौम्य आहेत. उदाहरणार्थ, तेथे निम्म्या भारावर ब्राँझसाठी ८५ आणि गोल्डसाठी ९० टक्के पुरेसे असतात. अनेक खोक्यांवरील चिन्ह ११५ व्होल्टच्या चाचणीवर आधारलेले असते. दाब वाढला की तेवढ्याच विजेला कमी प्रवाह लागतो, त्यामुळे तोच एसएमपीएस भारतात सामान्यतः एखाद-दोन टक्के अधिक कार्यक्षम ठरतो.

## विजेचा अपव्यय : एक उदाहरण

एखादा संगणक दिवसाला ८ तास, वर्षातून ३०० दिवस, म्हणजे एकूण २,४०० तास चालतो आणि त्याच्या भागांना सरासरी २०० वॅट लागतात, असे मानू. एसएमपीएस ४०० वॅटचा आहे. म्हणजे भार निम्मा आहे. वीज दर युनिटला १० रुपये धरू.

मानांकन नसलेल्या स्वस्त एसएमपीएसची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर तो प्लगमधून सुमारे २८६ वॅट घेतो आणि ८६ वॅटची उष्णता करतो. वर्षाचा वापर ६८६ युनिट होतो. ब्राँझ स्तराचा एसएमपीएस ८८ टक्क्यांनी चालल्यास २२७ वॅट घेतो व वर्षाला ५४६ युनिट वापरतो. गोल्ड स्तरासाठी हाच आकडा ५२२ युनिट आणि टायटॅनियमसाठी ५०० युनिट होतो.

यातील फरक पाहण्यासारखा आहे. मानांकन नसलेल्या एसएमपीएसऐवजी ब्राँझ वापरल्यास वर्षाला १४० युनिट, म्हणजे सुमारे १,४०० रुपये वाचतात. ब्राँझऐवजी गोल्ड घेतल्यास मात्र २४ युनिट, म्हणजे २४० रुपयेच वाचतात आणि गोल्डवरून टायटॅनियमवर गेल्यास आणखी सुमारे २२० रुपये. याचा अर्थ असा की, बचतीचा मोठा भाग पहिल्या पायरीवरच पदरात पडतो. वरच्या स्तरांची जादा किंमत विजेच्या बिलातून वसूल व्हायला अनेक वर्षे लागू शकतात. संगणक चोवीस तास चालत असेल तरच हा हिशेब झपाट्याने बदलतो.

टंकलेखन, ईमेल यांसारख्या कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकाला बहुतेक वेळ ५० वॅटच्या आसपास वीज पुरते. तेथे वरील रकमा त्याच प्रमाणात घटतात. अशा संगणकात ७५० वॅटचा एसएमपीएस बसविला, तर भार ७ टक्क्यांहूनही कमी राहतो आणि लेबलावर गोल्ड असूनही त्या भारावर किती कार्यक्षमता मिळेल याची मानांकनातून हमी मिळत नाही. म्हणून गरजेच्या कितीतरी पट मोठा एसएमपीएस घेणे बचतीच्या दृष्टीने हिताचे नसते.

शक्तिगुणकाचा परिणाम घरगुती बिलावर सहसा होत नाही, कारण घरगुती मीटर प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जा मोजतो. शक्तिगुणक कमी असलेला एसएमपीएस मात्र तेवढ्याच कामासाठी अधिक प्रवाह ओढतो आणि त्याचा ताण यूपीएस व इन्व्हर्टरवर येतो.

## भाराखाली बिघाड

### वॅटचा आकडा आणि १२ व्होल्टचा मार्ग

एसएमपीएसवर ठळक अक्षरांत छापलेला वॅटचा आकडा ही त्याच्या सर्व मार्गांची मिळून होणारी बेरीज असते. कोणत्या मार्गावर किती वीज मिळते, हे बाजूच्या लेबलावरील तक्त्यात दिलेले असते. १९९० च्या दशकात संगणकाचे बहुतेक भाग ५ आणि ३.३ व्होल्टवर चालत. २००० च्या सुमारास प्रोसेसरला १२ व्होल्टच्या मार्गावरून वीज देण्याची पद्धत रूढ झाली आणि पुढे ग्राफिक्स कार्डही त्याच मार्गावर अवलंबून राहू लागले. आजच्या संगणकातील भाराचा फार मोठा वाटा १२ व्होल्टवरच असतो. काही स्वस्त एसएमपीएसची रचना मात्र जुन्या काळातलीच राहिली आहे.

उदाहरणादाखल, एका एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ असे छापले आहे. तक्त्यात ३.३ व्होल्टवर २४ अँपिअर, ५ व्होल्टवर ३२ अँपिअर आणि १२ व्होल्टवर १७ अँपिअर असे आकडे आहेत. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केल्यास ते अनुक्रमे ७९, १६० आणि २०४ वॅट होतात. लहानसहान मार्ग धरून बेरीज ४५० च्या आसपास जाते. आता या संगणकातील प्रोसेसरला पूर्ण भारावर ९५ वॅट, ग्राफिक्स कार्डला १५० वॅट आणि पंखे, डिस्क वगैरेंना २५ वॅट १२ व्होल्टवरून लागतात. ही मागणी २७० वॅटची, म्हणजे २२.५ अँपिअरची झाली. एकूण मागणी ४५० वॅटच्या बरीच आत असूनही १२ व्होल्टचा मार्ग त्याच्या क्षमतेच्या सुमारे एक तृतीयांश अधिक ताणला जातो. ५ आणि ३.३ व्होल्टवर शिल्लक असलेली क्षमता येथे उपयोगी पडत नाही.

### बिघाडाचे स्वरूप

मार्ग असा ताणला गेला की त्यावरील दाब उतरू लागतो. एटीएक्स या प्रचलित मानकाच्या जुन्या आवृत्त्यांनुसार १२ व्होल्टच्या मार्गावर ५ टक्के कमी-अधिक, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट एवढीच मुभा होती. चांगल्या एसएमपीएसमध्ये अतिभारापासून संरक्षण देणारे मंडल असते. ते मर्यादा ओलांडताच एसएमपीएस बंद करते आणि नुकसान टळते. काही स्वस्त एसएमपीएसमध्ये हे मंडल नसते किंवा त्याची मर्यादा फार वर ठेवलेली असते. अशा वेळी घटक तापत राहतात आणि अखेर ट्रान्झिस्टर वा डायोड जळतो. क्वचित त्याबरोबर मदरबोर्ड किंवा डिस्कचेही नुकसान होते.

दुसरा प्रकार सावकाश घडतो. दिष्ट केलेल्या विजेत राहणारी सूक्ष्म चढउतार, म्हणजे रिपल, कपॅसिटर गाळून टाकतात. एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टवर ती १२० मिलिव्होल्टच्या आत असावी लागते. कपॅसिटरमधील द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो; तापमान दर १० अंश सेल्सियसने वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. अपव्यय आणि बिघाड यांचा संबंध येथे जुळतो : वाया गेलेली वीज उष्णता बनते आणि तीच उष्णता एसएमपीएसचे आयुष्य घटविते. वरील उदाहरणात स्वस्त एसएमपीएसमध्ये ८६ वॅट उष्णता होत होती, तर ब्राँझ स्तराच्या एसएमपीएसमध्ये सुमारे २७ वॅट. त्यात स्वस्त एसएमपीएसमध्ये १०५ अंशांऐवजी ८५ अंश तापमानासाठीचे कपॅसिटर असतील, तर विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात त्यांचे आयुष्य आणखी आखडते.

तिसरा प्रकार वीज खंडित होण्याशी निगडित आहे. वीज गेल्यावर आतील मोठ्या कपॅसिटरमधील साठ्यावर एसएमपीएसने सुमारे १६ ते १७ मिलिसेकंद पुरवठा टिकवावा, अशी अपेक्षा असते. तेवढ्या अवधीत साधा यूपीएस बॅटरीवर जातो. खर्च वाचविण्यासाठी कपॅसिटर लहान बसविला, तर पूर्ण भारावर हा अवधी अपुरा पडतो आणि यूपीएस असूनही संगणक बंद पडतो.

### लक्षणे

एसएमपीएस अपुरा पडत असल्यास संगणक साध्या कामात नीट चालतो. मात्र खेळ सुरू केल्यावर किंवा चित्रफितीवर प्रक्रिया करताना एकाएकी बंद होतो किंवा पुन्हा सुरू होतो. विंडोज प्रणालीच्या नोंदींमध्ये अशा वेळी `Kernel-Power` या नावाची, ४१ क्रमांकाची नोंद आढळते. ती नोंद संगणक रीतसर बंद झाला नव्हता एवढेच सांगते; प्रोसेसर अति तापल्यानेही असेच घडू शकते. त्यामुळे पुरेशा क्षमतेचा दुसरा एसएमपीएस तात्पुरता जोडून तेच काम पुन्हा करून पाहणे, ही निदानाची खात्रीशीर रीत मानली जाते. भार असताना मल्टिमीटरने १२ व्होल्टचा मार्ग मोजल्यास उतरलेला दाब दिसतो, परंतु रिपल दिसत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. एसएमपीएसचे कवच उघडणे धोक्याचे असते, कारण प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ राहू शकतो.

## मानांकनाच्या मर्यादा

८० प्लसच्या चाचणीत कार्यक्षमता व शक्तिगुणक मोजले जातात. रिपलची पातळी, संरक्षक मंडलांचे काम, वीज गेल्यानंतरचा अवधी, पंख्याचा आवाज किंवा आयुर्मान यांवर स्तर ठरत नाही. चाचणी सुमारे २३ अंश सेल्सियस तापमानात होते. बंद पेटीतील तापमान याहून बरेच अधिक असते. शिवाय उत्पादकाने पाठविलेल्या नमुन्यावर प्रमाणपत्र मिळते. पुढील उत्पादनात घटक बदलल्यास ते चिन्हावरून कळत नाही.

असे असले तरी मानांकन आणि दर्जा यांचा अप्रत्यक्ष संबंध असतो. जुन्या, काटकसरीच्या रचनेतून वरचे स्तर गाठता येत नाहीत. त्यासाठी शक्तिगुणक सुधारणारे मंडल, मॉसफेट व चांगली रोहित्रे वापरावीच लागतात. त्यामुळे गोल्ड स्तराचा एसएमपीएस बहुधा नव्या रचनेचा असतो. त्याची संरक्षक मंडले चोख असतील याची मात्र हमी नसते. सायप्रसमधील सायबेनेटिक्स ही संस्था कार्यक्षमता तीन-चार नव्हे तर अनेक निरनिराळ्या भारांवर मोजते आणि आवाजासाठी स्वतंत्र मानांकन देते.

## लेबलावरून पारख

लेबलाच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढील अँपिअरचा आकडा १२ ने गुणल्यास त्या मार्गाची खरी क्षमता कळते. १२ व्होल्टचे दोन मार्ग दाखविले असल्यास त्यांची एकत्रित मर्यादा पाहावी लागते; दोन्ही आकड्यांची बेरीज अनेकदा फसवी असते. नव्या रचनेत १२ व्होल्टची क्षमता एकूण वॅटच्या जवळपास असते. उदाहरणार्थ, ४५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये ३६ अँपिअर असतील, तर ते ४३२ वॅट होतात. हीच क्षमता एकूण आकड्याच्या निम्म्यावर असेल, तर ठळक छापलेला आकडा कागदावरचाच समजला जातो.

‘८५ प्लस’ किंवा ‘८० टक्क्यांहून अधिक कार्यक्षम’ असा मजकूर म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणित एसएमपीएसची यादी कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर असते. तीत उत्पादकाचे नाव व मॉडेल क्रमांक शोधल्यास चाचणीचा अहवाल मिळतो आणि चाचणी किती व्होल्टवर झाली हेही कळते. मॉडेल तेथे न आढळल्यास खोक्यावरील चिन्ह ग्राह्य धरता येत नाही.